दहा वॉटचे पॅनेल दहा वॉट केव्हा देते?

एक १० वॉटचे सौर पॅनेल घ्या आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरमध्ये असतो तसा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब घ्या. भर दुपारी, स्वच्छ उन्हात पॅनेलच्या दोन वायरी थेट बल्बला जोडा. दोन्हींवर १० वॉट छापलेले आहे, तेव्हा बल्ब लख्ख पेटावा अशी अपेक्षा असते. तो पेटतो, पण नारिंगी आणि मलूल. मल्टिमीटर लावला तर बल्बवर जेमतेम साडेसहा व्होल्ट दिसतात आणि त्यातून साधारण ०.६ अँपिअर करंट वाहतो. गुणाकार केला की चार वॉट.

अशा वेळी संशय आधी दुकानदारावर जातो, मग पॅनेलवर. पण पॅनेल ठणठणीत असू शकते आणि बल्बही. १० वॉट हा आकडा पॅनेलच्या अंगी कायमचा नसतो. पॅनेलला काय जोडले आहे त्यावर ते किती वॉट देणार हे ठरते, आणि त्या कमाल दहापर्यंत पोचवणारा जोड एकच असतो.

पॅनेलच्या पाठीमागचे लेबल वाचले तर हे तिथेच लिहिलेले सापडते. अशा लहान पॅनेलवर साधारणपणे चार आकडे असतात. ओपन सर्किट व्होल्टेज २१.६ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट ०.६२ अँपिअर, आणि कमाल शक्तीच्या वेळचे व्होल्टेज १७.६ व्होल्ट व करंट ०.५७ अँपिअर. शेवटच्या दोघांचा गुणाकार दहा येतो. पहिल्या दोघांचा गुणाकार १३.४ येतो, पण ते दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. वायरी मोकळ्या ठेवल्या तर व्होल्टेज पूर्ण असते पण करंट शून्य. वायरी एकमेकींना जोडल्या तर करंट पूर्ण, पण व्होल्टेज शून्य. दोन्ही टोकांना वॉट शून्यच. सगळा व्यवहार या दोन टोकांच्या मधे होतो.

आपल्याला सवय बॅटरीची असते. बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते. १२ व्होल्टच्या बॅटरीला लहान बल्ब लावा की मोठा, व्होल्टेज बाराच्या आसपास राहते आणि करंट ज्याला हवा तेवढा वाहतो. सौर पॅनेलचे वागणे नेमके उलटे आहे. ते बऱ्याच मोठ्या टप्प्यात करंट धरून ठेवते आणि व्होल्टेज जोडलेल्या वस्तूवर सोडून देते. उन्हातला प्रत्येक कामाचा प्रकाशकण सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. सेकंदाला जेवढे कण, तेवढे इलेक्ट्रॉन, म्हणजे करंटची मर्यादा ऊन आणि सेलचे क्षेत्रफळ ठरवून टाकतात. बल्बने ०.८३ अँपिअर मागितला तरी पॅनेलकडे ०.६२ च्या वर देण्यासारखे काही नसते. तेवढ्या करंटला बल्बच्या तारेत जेवढे व्होल्टेज पडेल, तेवढेच पडते. बल्बचा मलूलपणा इथून येतो.

मग करंट कायम सारखाच का राहत नाही? कारण सौर सेल हा मुळात डायोड आहे. त्याच्यावरचे व्होल्टेज वाढत गेले की सेलमध्ये तयार झालेला करंट बाहेर न जाता आतल्या आतच उलटा वाहू लागतो. ही आतली गळती आधी नगण्य असते आणि मग घातांकाने, म्हणजे पटीपटीने वाढते. सिलिकॉनच्या एका सेलमध्ये साधारण ०.६ व्होल्टला अशी वेळ येते की तयार होणारा सगळाच करंट आत गळून जातो आणि बाहेर काही उरत नाही. आपल्या पॅनेलमध्ये ३६ सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. ३६ गुणिले ०.६ म्हणजे २१.६. लेबलवरचा पहिला आकडा हाच.

हे सगळे एका आलेखावर मांडले की डोळ्यांना दिसते. आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्या अक्षावर करंट. डावीकडे शून्य व्होल्टला रेघ ०.६२ पासून सुरू होते आणि उजवीकडे जवळजवळ सपाट धावते. पंधराएक व्होल्टनंतर ती वाकू लागते, सतराअठराच्या आसपास तिचे वळण असते, आणि पुढे ती झपाट्याने खाली घसरून २१.६ व्होल्टला आडव्या अक्षाला टेकते. या रेघेला आय-व्ही कर्व्ह म्हणतात. त्या क्षणी पॅनेल या रेघेवरच्याच कुठल्या तरी बिंदूवर असते. रेघेबाहेर त्याला जागा नाही.

नेमक्या कुठल्या बिंदूवर, हे जोडलेला लोड ठरवतो. बल्बची तार गरम होईल तसा तिचा रोध बदलतो, म्हणून हिशेबाला साधा वायरवाउंड रेझिस्टर घेऊ. त्याचा नियम ओहमचा: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. त्याच आलेखावर हा नियम काढला तर शून्यातून निघणारी सरळ तिरकी रेघ मिळते. ही लोड लाइन. रोध कमी असेल तर ती उभट, रोध जास्त असेल तर आडवी. पॅनेलला आपली रेघ सोडता येत नाही आणि रेझिस्टरला आपली. दोघांना मान्य होईल असा बिंदू एकच, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात. तोच ऑपरेटिंग पॉइंट, म्हणजे कार्यबिंदू.

आता लेबलवरचे आकडे धरून एकेक रेझिस्टर लावून पाहू. ५ ओहम लावला तर लोड लाइन खूप उभी असते आणि सपाट भागाला अगदी डावीकडे छेदते. व्होल्टेज ३.१, करंट ०.६२, शक्ती दोन वॉटच्या आत. १० ओहमला व्होल्टेज सहाच्या थोडे वर जाते आणि शक्ती ३.८ वॉट होते. २० ओहमला १२.२ व्होल्ट, ०.६१ अँपिअर, ७.५ वॉट. इथवर करंट जवळजवळ हललेलाच नाही, म्हणून रोध दुप्पट केला की वॉटही जवळजवळ दुप्पट होतात. ३१ ओहमला कार्यबिंदू नेमका वळणावर येतो: १७.६ व्होल्ट, ०.५७ अँपिअर, १० वॉट. ४० ओहमला व्होल्टेज १९ च्या वर जाते, पण करंट ०.४८ वर उतरतो आणि हातात ९.१ वॉट राहतात. १०० ओहमला व्होल्टेज जवळजवळ २१, तरी शक्ती सव्वाचार वॉट.

हा ३१ ओहमचा बिंदू म्हणजे मॅक्झिमम पॉवर पॉइंट. लेबलवर व्होल्टेजला करंटने भागले की हा रोध लगेच मिळतो, १७.६ भागिले ०.५७. तो याच ठिकाणी का, हे भाजीवाल्याच्या हिशेबाने समजते. भाव थोडा वाढवला आणि गिऱ्हाईक तुटले नाही तर गल्ला वाढतो. भाव फारच वाढवला की गिऱ्हाईक पळते आणि गल्ला आटतो. गल्ला सर्वांत मोठा तेव्हा असतो, जेव्हा भाव एक टक्का वाढवला की विक्रीही बरोबर एक टक्का घटते. आलेखावर व्होल्टेज म्हणजे भाव आणि करंट म्हणजे विक्री. सपाट भागात व्होल्टेज एक टक्का वाढले तरी करंट जागचा हलत नाही, म्हणून उजवीकडे सरकणे फायद्याचे. वळणाच्या पुढे एक टक्का व्होल्टेजपायी तीन-चार टक्के करंट जातो, म्हणून मागे फिरणे फायद्याचे. मधे एकाच जागी दोन्ही टक्के जुळतात.

मग बाकीची शक्ती जाते कुठे? १० ओहमच्या रेझिस्टरला ३.८ वॉट मिळाले तेव्हा उरलेले सहा वॉट वायरीत किंवा रेझिस्टरमध्ये हरवलेले नसतात. ती ऊर्जा वीज म्हणून पॅनेलच्या बाहेर पडलेलीच नाही, ती सेलमध्येच उष्णता झाली. मोकळे ठेवलेले पॅनेल पूर्ण कामावर असलेल्या पॅनेलपेक्षा किंचित जास्त तापते, त्याचे कारण हेच.

३१ ओहमचा रेझिस्टर कायमचा बसवून टाकावा आणि मोकळे व्हावे, असा मोह इथे होतो. पण लेबलवरचे आकडे एका ठरावीक परिस्थितीतले आहेत: दर चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. ऊन निम्मे झाले, म्हणजे सकाळ असली किंवा पातळ ढग आला, की करंटही निम्मा होतो. व्होल्टेजवर मात्र फारसा परिणाम होत नाही. मोकळे व्होल्टेज २१.६ वरून २०.८ वर येते, एवढेच. म्हणजे सगळी रेघ खाली सरकते, डावीकडे फारशी नाही. आता ३१ ओहमची तीच लोड लाइन या खाली आलेल्या रेघेला पूर्वीच्या वळणावर छेदत नाही. ती तिला सपाट भागातच, साडेनऊ व्होल्टच्या आसपास गाठते. करंट ०.३ अँपिअर, शक्ती २.९ वॉट. ऊन निम्म्यावर आले, पण मिळणारी वीज तिसऱ्या हिश्श्याच्या खाली. सपाट भागात शक्ती करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून घसरण एवढी मोठी होते.

त्याच निम्म्या उन्हात पॅनेल जवळजवळ ४.८ वॉट द्यायला तयार असते, पण त्यासाठी ६३ ओहमचा लोड हवा. ऊन पाचव्या हिश्श्यावर आले तर हवा असलेला रोध १६० ओहमच्या घरात जातो. तिथे ३१ ओहमवाला अर्धा वॉटही घेऊ शकत नाही, पॅनेलकडे मात्र पावणेदोन वॉट तयार असतात. थोडक्यात, ऊन जितक्या पटीने उतरते, साधारण तितक्या पटीने योग्य रोध वाढतो.

तापमानाची गोष्ट वेगळी. भर उन्हात पॅनेल आजूबाजूच्या हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापते. मे महिन्यात विदर्भात ते किती तापत असेल याचा विचार करा. सेल ६० अंशांवर गेला तर मोकळे व्होल्टेज २१.६ वरून १९.३ च्या आसपास येते, कारण दर अंशाला ते सुमारे ०.३ टक्के घटते. कमाल शक्ती दर अंशाला ०.४ टक्क्यांनी घटून साडेआठ वॉटच्या जवळ येते. पण करंट जवळजवळ तसाच राहतो, त्यामुळे योग्य रोध ३१ वरून २७ पर्यंतच उतरतो. म्हणजे उकाड्याने वॉट कमी होतात खरे, पण लोडचे गणित फारसे बिघडत नाही. ते बिघडवतो तो ढग.

एकच रेझिस्टर दिवसभर ठेवायचा असेल तर मी दुपारच्या हिशेबाचा ३१ ओहम निवडणार नाही. ४० ओहम निवडेन. भर उन्हात त्याने एक वॉटही गमावलेला नसतो, आणि निम्म्या उन्हात तो २.९ ऐवजी ३.६ वॉट घेतो. दिवसाचे पुष्कळ तास पूर्ण उन्हाचे नसतातच, म्हणून झुकते माप जास्त रोधाला. अर्थात तापलेल्या पॅनेलवर ४० ओहम वळणाच्या बराच पुढे, घसरणीवर बसतो. कडक उन्हाळ्यात हा फायदा आटतो.

हा आलेख स्वतः काढून पाहणे अवघड नाही. दोन साधे मल्टिमीटर, ५ ते १०० ओहमचे पाचसहा सिमेंट रेझिस्टर आणि पॅनेल एवढे पुरते. रेझिस्टर किमान १० वॉट क्षमतेचे घ्यावेत, शक्यतो २० चे, नाहीतर ते बोट भाजतात. पॅनेल सूर्याकडे तोंड करून पक्के टेकवावे. एक मीटर करंटसाठी मार्गात, दुसरा व्होल्टेजसाठी थेट पॅनेलच्या टोकांवर. करंटचा मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा, कारण मिलिअँपिअरच्या खाचेत त्याचा स्वतःचा रोध जास्त असतो आणि फ्यूज उडायचीही भीती. रेझिस्टरवर छापलेल्या ओहमवर विसंबू नये. तापला की तो थोडा बदलतो, म्हणून मोजलेले व्होल्टेज आणि मोजलेला करंट हेच धरावेत.

घाई महत्त्वाची आहे. सगळी मोजमापे दोनतीन मिनिटांत उरकावीत, नाहीतर मधेच ऊन बदलते आणि आलेखावरचे बिंदू वेगवेगळ्या रेघांचे निघतात. याची तपासणी सोपी आहे: सुरुवातीला आणि शेवटी शॉर्ट सर्किट करंट मोजायचा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मोजणी पुन्हा करायची. एवढ्या लहान पॅनेलच्या वायरी क्षणभर एकमेकींना जोडण्यात धोका नाही, त्याचा करंट मुळातच बांधलेला आहे. छतावरच्या मोठ्या पॅनेलांच्या रांगेवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. तिथे शेकडो व्होल्टचा डीसी असतो आणि वायर सुटताना पडणारी ठिणगी विझत नाही.

हाती आलेली रेघ पॅनेलची प्रकृतीही सांगते. सगळी रेघच खाली असेल तर आधी काच पुसून पाहावी, धूळ बहुधा तिथेच सापडते. वळणानंतरची घसरण उभी न होता लांब तिरकी झाली असेल तर मार्गात कुठे तरी जास्तीचा रोध आहे: गंजलेले टोक, सैल कनेक्टर किंवा फार बारीक वायर. आणि रेघेत मधेच पायरी दिसली तर पॅनेलच्या एका भागावर सावली आहे आणि बायपास डायोडने तो भाग वगळला आहे. बायपास डायोडच नसलेल्या लहान पॅनेलमध्ये पायरी दिसत नाही. एका सेलवर पडलेले वाळके पानदेखील सगळ्या ३६ सेलचा करंट खाली ओढते, कारण ते एकापुढे एक आहेत.

आता खरा प्रश्न उरतो तो बदलत्या उन्हाचा. दर ढगाबरोबर रेझिस्टर कोण बदलणार? इथे डीसी कन्व्हर्टर कामाला येतो. व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरला बक कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्यातला इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि प्रत्येक वेळी किती काळ बंद, म्हणजे जोडलेला, राहतो त्यावर बाहेरचे व्होल्टेज ठरते. पॅनेलला मात्र कन्व्हर्टरपलीकडचा रोध मूळ आकाराचा दिसत नाही, तो मोठा दिसतो. स्विच जेवढा वेळ जोडलेला असतो त्या अंशाच्या वर्गाने मूळ रोधाला भागले की पॅनेलला दिसणारा रोध मिळतो.

आपला १० ओहमचा रेझिस्टर घ्या, जो थेट जोडल्यावर फक्त ३.८ वॉट घेत होता. स्विच ५७ टक्के वेळ जोडलेला ठेवला तर ०.५७ चा वर्ग ०.३२, आणि १० भागिले ०.३२ म्हणजे ३१ ओहम. पॅनेलला वाटते आपल्याला ३१ ओहम लावला आहे, आणि ते वळणावर येऊन १७.६ व्होल्ट, ०.५७ अँपिअर देऊ लागते. रेझिस्टरवर १० व्होल्ट आणि १ अँपिअर पोचतो. ०.६२ अँपिअरच्या वर देऊ न शकणाऱ्या पॅनेलवर १ अँपिअरचा लोड चाललेला पाहून अनेकांचा मीटरवरचा विश्वास उडतो. पण वॉट दोन्ही बाजूंना दहाच आहेत, फक्त व्होल्टेज देऊन करंट घेतला आहे. प्रत्यक्षात कन्व्हर्टर पाचएक टक्के स्वतः खातो, तेव्हा साडेनऊ धरावेत.

उन्हाप्रमाणे ही टक्केवारी आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेला एमपीपीटी म्हणतात. तिची सर्वांत रुळलेली पद्धत सरळ आहे. व्होल्टेज थोडे हलवून बघायचे. वॉट वाढले तर त्याच दिशेने आणखी हलवायचे, घटले तर उलट फिरायचे. त्यामुळे कार्यबिंदू वळणाच्या अलीकडेपलीकडे सतत थोडा डुलत राहतो. ढग झपाट्याने सरकत असतील तर यंत्रणा फसते: वॉट उन्हामुळे वाढलेले असतात आणि तिला वाटते आपण योग्य दिशेने हललो. पायरी पडलेल्या रेघेवर वॉटची दोन शिखरे असतात. तिथे ही पद्धत जवळच्या ठेंगण्या शिखरावर समाधान मानून बसू शकते.

बक कन्व्हर्टरची दुसरी मर्यादा त्याच्या सूत्रातच आहे. अंशाचा वर्ग एकाहून मोठा होत नाही, म्हणून तो रोध मोठा करून दाखवू शकतो, लहान करून नाही. लोड १०० ओहमचा असेल तर भर उन्हात त्याचा उपयोग शून्य. तिथे व्होल्टेज चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लागतो. शिवाय एकदोन वॉटच्या बागेतल्या दिव्याला हा खटाटोप परवडत नाही, वाचवलेली वीज सर्किटच खाऊन टाकते. शेतातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये मात्र एमपीपीटी असतेच. पॅनेलांची शक्ती हजारो वॉटची असल्याने तिथे दहा टक्के चुकले तरी पाण्याची धार बारीक होते.

चार्ज कंट्रोलरच्या पडद्यावर कधी कधी पॅनेलचे व्होल्टेज मोकळ्या व्होल्टेजच्या जवळ चढलेले आणि वॉट नगण्य दिसतात. ऊन चांगले असताना असे दिसले तरी पॅनेलला दोष देण्याआधी बॅटरी पाहावी. ती भरलेली असेल तर कंट्रोलरने कार्यबिंदू मुद्दाम वळणाच्या उजवीकडे, घसरणीच्या पायथ्याशी नेऊन ठेवलेला असतो, कारण वीज घ्यायला कुणी नाही. एखादा पंखा लावून बघावा. व्होल्टेज उतरून वॉट चढले तर सगळे ठीक आहे.